हॅम आणि बेकन गुलाबी का असतं, आणि टिकतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं घरच्या फ्रीजमध्ये बेकन खारवतोय. नाताळ जवळ आला की ओळखीतले लोक तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकदाच लिहून ठेवले आहेत. काही प्रश्न एका ओळीचे आहेत, काहींना वेळ लागतो.

डुकराचं मांस शिजवलं की करडं पडतं. मग हॅम शिजवूनही गुलाबी कसं राहतं?

मांसाचा रंग रक्ताचा नसतो. रक्त कापतानाच बरंचसं निघून गेलेलं असतं. रंग असतो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. स्नायूंत प्राणवायू साठवणं हे त्याचं काम, आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. त्या लोहाला काय चिकटलंय आणि लोह कोणत्या अवस्थेत आहे, यावर रंग ठरतो. ताजा तुकडा मधोमध चिरून पाहा. आतला भाग जांभळट दिसेल. अर्ध्या तासात त्याला हवा लागते, लोहावर प्राणवायू बसतो आणि तोच भाग तांबूस होतो. आणखी दोन दिवस तसाच ठेवलात तर लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन तो तपकिरी पडतो. शिजवल्यावर प्रथिनच उकलतं आणि करडा-तपकिरी रंग कायमचा बसतो.

खारवताना मिठाबरोबर घातलेल्या नायट्राइटपासून मांसाच्या सौम्य आंबटपणात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट लोहाला धरून बसतो. कच्च्या स्थितीत त्यामुळे गडद लाल रंग येतो. मग उष्णता दिली की प्रथिन उकलतं, पण वायू लोहाला सोडत नाही. जो रंग उरतो तोच हॅमचा गुलाबी. तो उष्णतेला दाद देत नाही. म्हणूनच हॅम दुसऱ्यांदा गरम केलं तरी करडं पडत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. खारवलेलं मांस शिजलंय की नाही, हे रंगावरून कधीच कळत नाही. त्याला थर्मामीटरच लागतो.

मीठ-नायट्राइट चोळून ठेवलं, दुसऱ्या दिवशी मांस तपकिरी दिसलं. बिघडलं का?

नाही. नायट्राइट आधी लोहाचं ऑक्सिडीकरण करतं, म्हणून सुरुवातीला रंग उलट दिशेने जातो. मग मांसातलीच क्षपण करणारी द्रव्यं लोह पुन्हा पूर्वस्थितीला आणतात आणि नायट्रिक ऑक्साइड आपली जागा घेतो. दोन-तीन दिवसांत रंग परततो. कारखान्यात इतकं थांबायला वेळ नसतो, म्हणून तिथे क जीवनसत्त्वाचं मीठ किंवा त्याचं भावंड एरिथॉर्बेट घालतात. त्याने हे काम तासांत उरकतं. पाकिटावर आयएनएस ३०१ किंवा ३१६ दिसलं तर ते यासाठी.

वास मात्र नेहमी घ्या. तपकिरी चालेल. आंबूस-कुजका वास किंवा बोटांना चिकट बुळबुळ लागली तर फेकून द्या.

म्हणजे नायट्राइट फक्त दिसण्यासाठी घालतात?

रंगासाठी फार थोडं पुरतं. एका किलोला साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम. मग त्याच्या तिप्पट का घालतात? बाकीचं एका विशिष्ट शत्रूसाठी असतं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बिघडलेली सॉसेज खाऊन लोक लकवा होऊन मरत होते, आणि युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२०च्या सुमारास त्याचं बारकाईने वर्णन केलं. जंतूचं नाव त्या आजारावरूनच पडलं.

या जंतूच्या सवयी खारवणाऱ्याच्या बरोबर आड येतात. त्याचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात, उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवा नसलेली, ओलसर, फारशी आंबट नसलेली जागा मिळाली की रुजतात. हॅमचा गाभा, सॉसेजची आतडी, व्हॅक्यूम पाकीट या तिन्ही जागा त्याला हव्या तशाच. वाढताना तो जे विष सोडतो त्याला वास नाही, चव नाही.

नायट्राइट बीजाणूंना मारत नाही. ते रुजल्यानंतर पुढची वाढ अडवतं. जंतूच्या पेशीत ऊर्जेचं काम करणारी लोह आणि गंधक असलेली प्रथिनं असतात, नायट्रिक ऑक्साइड त्यांना जाऊन चिकटतो आणि ती निकामी करतो. गंमत पाहा, ज्या लोहप्रेमामुळे मांस गुलाबी होतं, त्याच लोहप्रेमामुळे जंतू अडतो.

लोणचं नुसत्या मिठावर वर्षभर टिकतं. बेकनला मीठ पुरत का नाही?

पुरेल, पण तेवढं मीठ तुम्ही खाणार नाही. लोणच्याला आंबटपणा आणि तेलाचीही साथ असते.

मोजून पाहू. हल्लीच्या चवीचं बेकन म्हणजे मांसाच्या वजनाच्या अडीच टक्के मीठ. पण जंतू राहतात पाण्यात, चरबीत नाही, म्हणून मीठ पाण्याच्या हिशेबाने मोजायचं. पोटाकडच्या चरबीदार मांसात सरासरी निम्मं पाणी धरलं तर १०० ग्रॅम मांसातल्या ५० ग्रॅम पाण्यात अडीच ग्रॅम मीठ. म्हणजे खारेपणा ५ टक्क्यांच्या जरासा खाली. चरबी नसलेल्या पट्ट्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं, तिथे तोच आकडा जेमतेम ३ टक्के. बोट्युलिनमचे जे प्रकार मिठाला चिवट आहेत त्यांना नुसत्या मिठाने थांबवायला पाण्यात १० टक्के मीठ लागतं. आपण तिथपर्यंत पोचतच नाही.

जुन्या काळी पोचत असत. जहाजांवर नेलेलं खारं मांस दोन-दोन दिवस पाण्यात भिजवल्याशिवाय खाता येत नसे. आपल्याकडचा खारा बांगडा आठवा, तसंच. फ्रीज आल्यावर मीठ कमी झालं, आणि टिकवण्याचं काम तीन जणांत वाटलं गेलं. चिवट प्रकार १० अंशांच्या खाली वाढत नाहीत, म्हणून त्यांना थंडी थोपवते. ३ अंशांपर्यंत वाढणारे दुसरे प्रकार ५ टक्के मिठालाच थांबतात. मधल्या फटी नायट्राइट बुजवतं. एक जरी गडी काढून घेतला तरी उरलेल्या दोघांना झेपत नाही. 'मी मीठ अर्धंच घातलं, बाकी सगळं तसंच' असं कोणी सांगितलं की मला त्या हॅमपेक्षा त्या माणसाची काळजी वाटते.

पूर्वी सोरा वापरायचे म्हणतात. तो आणि नायट्राइट एकच का?

एकच नाही, पण रस्ता तोच. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. अठराव्या शतकात बिहारचा सोरा ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरभरून नेत असे, मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी. खाटकांना तो मिठाबरोबर हवा असे, कारण सोरा असला की मांस लाल राहतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सणाला जी खारवलेली जीभ करतात, तिच्या जुन्या पाककृतींत मीठ, लिंबू आणि चिमूटभर सोरा भेटतो, तो याच कारणाने.

पण सोरा स्वतः काहीच करत नाही. काही जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, तेव्हा कुठे काम सुरू होतं. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातल्या काल्न गावी हॅरिस घराण्याचा बेकनचा मोठा व्यवसाय होता. विल्टशर पद्धतीत डुकराच्या अख्ख्या अर्ध्या बाजू टाक्यांतल्या खाऱ्या पाण्यात मुरवतात, आणि ते पाणी फेकत नाहीत. गाळून, मीठ वाढवून पुन्हा वापरतात. त्या पाण्यात मिठाला सरावलेले जंतू पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि नायट्रेटचं नायट्राइट करतात. आपल्या भाषेत हे विरजण आहे.

हे सगळं उलगडलं अवघ्या दहा वर्षांत. १८९१मध्ये पोलेन्स्के या जर्मन शास्त्रज्ञाला सोऱ्याच्या जुन्या खाऱ्या पाण्यात नायट्राइट सापडलं. १८९९मध्ये लेमान आणि किसकाल्ट या दोघांनी रंग त्याचाच आहे हे दाखवलं. १९०१मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी नायट्रिक ऑक्साइड आणि लोहाची जोडी ओळखली. पुढे भारतात येऊन भुवनेश्वरला स्थायिक झालेले जे.बी.एस. हॉल्डेन हे त्यांचेच चिरंजीव. मग सरळ नायट्राइटच का घालू नये, हा विचार झाला आणि १९२५मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. फायदा असा की नायट्राइट मोजून घालता येतं. सोऱ्यापासून किती नायट्राइट बनेल हे जंतूंच्या मर्जीवर असतं.

कृतीत 'पिंक सॉल्ट' लिहिलंय. घरात गुलाबी सैंधव आहे, चालेल?

अजिबात नाही. यातली गल्लत दोन्ही बाजूंनी महागात पडते. सैंधवात नायट्राइट नसतं, त्याचा गुलाबीपणा खनिजांचा. खारवण्याच्या मिठात मुद्दाम गुलाबी रंग मिसळतात, कारण शुद्ध सोडियम नायट्राइट साध्या मिठासारखंच दिसतं आणि विषारी आहे. मांसातल्या मायोग्लोबिनचं ते जे करतं, तेच आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं करतं, आणि रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. डबा मसाल्यांच्या फळीवर ठेवू नका. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि तो मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

परदेशातल्या वाचकांसाठी: अमेरिकी 'क्युअर नंबर १'मध्ये ६.२५ टक्के नायट्राइट असतं. युरोपात मिळणाऱ्या तयार नायट्राइट मिठात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं आणि ते साध्या मिठाऐवजी पूर्ण वापरतात. एकाची कृती दुसऱ्याला लावाल तर मात्रा दहापटीने चुकेल. खताच्या किंवा रसायनांच्या दुकानातला सोरा आणूच नका.

२ किलो बेकनचा हिशेब सांगाल का?

पोटाकडचा पट्टा घ्या, साधारण ४ सेंटिमीटर जाड. सालपट काढून घ्या, कारण त्यातून मीठ जवळजवळ शिरत नाही. आधी मांसाचं वजन करा, मग हिशेब. २ किलो आलं असं धरू.

६.२५ टक्क्यांचं खारवण्याचं मीठ किलोला अडीच ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम. त्यात नायट्राइट ३१२ मिलिग्रॅम, म्हणजे किलोला १५६ मिलिग्रॅम. कोरड्या चोळून केलेल्या बेकनला अमेरिकी नियमांत कमाल २०० आहे, आपण त्याच्या आत आहोत. एकूण मीठ अडीच टक्के हवं, म्हणजे ५० ग्रॅम. त्यातले पावणेपाच ग्रॅम आधीच आलेत, म्हणून साधं मीठ ४५ ग्रॅम. साखर किंवा गूळ २० ग्रॅम, खारटपणाची धार मोडायला. मिरी हवी तेवढी.

पाच ग्रॅम चमच्याने मोजायचे नाहीत. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो, सोनाराकडे असतो तसा. खारवण्याचं मीठ आधी साध्या मिठात नीट कालवा, मग सगळ्या बाजूंना चोळा, खाली सांडलेलंही गोळा करून पिशवीत टाका. पिशवीतली हवा काढा, फ्रीजमध्ये २ ते ४ अंशांवर ठेवा, रोज एकदा उलटा. दुसऱ्या दिवशी पिशवीत पाणी सुटलेलं दिसेल. ते ओतून देऊ नका, त्यातच तुमचं मीठ आणि नायट्राइट आहे आणि ते परत आत जायचंय.

एवढ्या जाडीला मी आठ ते दहा दिवस देतो. मीठ मोजूनच घातलेलं असल्यामुळे दोन दिवस जास्त राहिलं तरी खारट होत नाही. बाहेर काढून धुवा, पुसा, जाळीवर उघडंच एक रात्र फ्रीजमध्ये ठेवा. पृष्ठभाग हाताला किंचित चिकट लागला की धूर चांगला धरतो. मग धुरी द्या किंवा ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, आतलं तापमान ६५ होईपर्यंत. मंद आचेवर धुरी देताना मांस कित्येक तास कोमट राहतं आणि धुरात हवा कमी असते. नायट्राइट न घालता हा उद्योग करू नये, तो त्यासाठीच.

कापल्यावर मधोमध करडा पट्टा निघाला. का?

नायट्राइट तिथपर्यंत पोचलं नाही. माझ्या पहिल्या खेपेला हेच झालं होतं. जाड तुकडा, घाई, पाचव्या दिवशी ओव्हन. कडेने सुरेख गुलाबी चौकट, आत उकडलेल्या मांसासारखा राखाडी डोळा. चव घेतली तर तो डोळा अळणी आणि कडा खारट. बाहेरून आत झिरपत जाण्याचा वेग वाढवता येत नाही. जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून जास्त लागतो. म्हणूनच अख्ख्या मांडीच्या हॅममध्ये खारं पाणी सुईने आत टोचतात, विशेषतः हाडाजवळ. तिथूनच हॅम सडायला सुरुवात होते. तपासायला हाडालगत एक लांब सुई खुपसून तिचा वास घेण्याची जुनी रीत आहे.

इटलीच्या पार्मा हॅममध्ये नुसतं मीठ असतं. ते गुलाबी कसं? आणि गोव्याचं चोरिस?

पार्मात वर्षभराहून अधिक काळ हॅम सुकत टांगलेलं असतं. त्या संथ काळात मायोग्लोबिनच्या कड्यातलं लोह निघून त्या जागी जस्त बसतं आणि त्या संयुगाला स्वतःचाच लाल रंग असतो. नायट्राइटशी त्याचा संबंध नाही. टिकण्याची बाजू सांभाळतात सुरुवातीची थंडी, मीठ आणि नंतर पाणी उडून जाणं. हॅम कोमट खोलीत जातं तोवर ते जंतूंसाठी पुरेसं कोरडं झालेलं असतं. दोन आठवड्यांत घरच्या फ्रीजमध्ये हे साधत नाही.

चोरिसाचा लाल रंग मुख्यतः मिरचीचा. त्याला टिकवतात व्हिनेगर, मीठ आणि ऊन-धूर. आंबट झालं की बोट्युलिनमची वाढ थांबते. शाळा वेगळी आहे, बेकनचे नियम तिला लावू नयेत.

पाकिटावर 'नायट्राइट घातलेलं नाही' लिहिलंय, तरी बेकन गुलाबी आहे.

घटक वाचा, सेलरीची पूड सापडेल. सेलरीत, पालकात, बिटात नायट्रेट भरपूर असतं. जंतू लावून त्याचं आधीच नायट्राइट करून घेतात आणि ते मांसात घालतात. रेणू तोच. दुकानात जास्त पैसे मोजावेत असं त्यात मला काही दिसत नाही.

कॅन्सर होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे पुरावा पक्का. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. हे १८ टक्के मूळ धोक्याचे, शंभरातले अठरा जण नव्हेत. तरी रोज खायची वस्तू ही नाही, हे मी विकत आणणाऱ्यालाही सांगतो आणि घरी करणाऱ्यालाही.

नायट्राइटचा वाटा असा. कडक आचेवर ते प्रथिनांतल्या अमाइनशी जुळून नायट्रोसअमाइन बनवतं. हॅमपेक्षा बेकनमध्ये ही अडचण जास्त, कारण बेकन आपण चुरचुरीत तळतो. म्हणून अमेरिकेत खारं पाणी टोचलेल्या बेकनला नायट्राइटची मर्यादा किलोला १२० मिलिग्रॅम ठेवलीय आणि सोबत ५५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाचं मीठ सक्तीचं आहे, ते ही जोडणी अडवतं. घरी मंद आचेवर तळा, काळं होऊ देऊ नका, आणि तव्यात उरलेली चरबी भाजीला वापरू नका. नायट्रोसअमाइन त्यातच जास्त उतरतात.

हॅमच्या कापावर हिरवट-सोनेरी चमक दिसते. फेकू का?

काप हलवून पाहा. कोनाबरोबर चमक सरकली, तेलाच्या तवंगासारखी, तर ती स्नायूंच्या धाग्यांवर प्रकाश फुटल्याने दिसते, काही बिघडलेलं नाही. रंग जागचा हलत नसेल आणि डाग हिरवा किंवा करडा असेल तर जंतूंचं काम असू शकतं, ते खाऊ नका. कडा नुसत्याच फिकट पडल्या असतील तर दुकानातला दिवा आणि हवा कारण आहे. नायट्रिक ऑक्साइडची पकड उष्णतेत टिकते, उजेडात मात्र सुटते.

घरचं बेकन किती दिवस टिकेल?

फ्रीजमध्ये आठवडा, फार तर दहा दिवस. टेबलावर नाही. अडीच टक्के मिठाचं बेकन हे जुन्या अर्थाने 'टिकाऊ' नाहीच. जास्त झालं तर काप करून, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. तिथे जंतू वाढत नाहीत, पण मिठामुळे चरबी खवट होण्याचा वेग उलट वाढतो. नायट्राइट तो थोडा आवरतं, पुरता नाही. खवट बेकन ओळखायला कापायची गरज नाही. पिशवी उघडल्या उघडल्या जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास येतो.